थंड व कोरडी जागा, डोंबिवली पूर्व

क्रीमच्या डबीवर "थंड व कोरड्या जागी ठेवावे" असं छापणारा माणूस जुलै महिन्यात डोंबिवलीत कधी राहिलेला नाही, एवढं मी लिहून द्यायला तयार आहे. आमच्या घरात थंड आणि कोरडी म्हणावी अशी जागा एकच, बेडरूममधलं लोखंडी कपाट, आणि तिथे सासूबाईंच्या पैठण्या डांबरगोळ्यांसोबत वर्षानुवर्षं सुखाने नांदतायत, तिथे क्रीमला प्रवेश नाही. त्यामुळे घरातलं झाडून सगळं सौंदर्य बाथरूममध्ये, बेसिनच्या वरच्या आरशाच्या कपाटात. आता हे बाथरूम म्हणजे काय, तर सकाळी सहापासून लायनीत चार जणांच्या कडकडीत पाण्याच्या आंघोळी, खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणाऱ्या काचेच्या तीन पट्ट्या, एक्झॉस्ट फॅन आहे पण तो लावला की आवाजाने सासूबाईंचं स्तोत्र चुकतं म्हणून बंद, आणि पावसाळ्यात वर दोरीवर न वाळणाऱ्या जीन्स. आरशात तोंड दिसायला दुपार उजाडते.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गणपतीआधी साफसफाई काढली आणि नेमकी त्याच दिवशी नणंदेची मुलगी राहायला आली. ही मायक्रोबायोलॉजी शिकून एका कॉस्मेटिक्सच्या फॅक्टरीत क्वालिटीला आहे. लहानपणी किती गोड होती. आता बाथरूममध्ये हात धुवायला म्हणून गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली ती कपाटातलं सगळं सामान बादलीत भरून, आणि डायनिंग टेबलावर पेपर पसरून तिने पंचनामाच सुरू केला.

पहिला नंबर लागला कोल्ड क्रीमच्या मोठ्या डबीचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं त्याला काही झालेलं नाही, तारीख बघ की." तारीख खरंच होती. बनवल्याची ०९/२०२३, वापरायची मुदत ०८/२०२६. म्हणजे अजून वर्ष शिल्लक. सासूबाईंच्या चेहऱ्यावर केस जिंकल्याचा आनंद. मग भाचीने डबी उलटी करून खालचं बारीक चित्र दाखवलं, झाकण उघडलेल्या बरणीचं, आणि त्यावर १२ एम. मिस्टर लांबूनच म्हणाले, "एम म्हणजे मीडियम ना? मला वाटलं साइज आहे."

तर ते महिने आहेत. डबी उघडल्यापासून बारा महिने. हे चित्र आलं युरोपातून, तिथे मार्च २००५ पासून असा नियम आहे की ज्या मालाचं बंद अवस्थेतलं आयुष्य तीस महिन्यांपेक्षा जास्त आहे त्यावर शेवटची तारीख नाही छापली तरी चालेल, पण उघडल्यावर किती महिने टिकेल ते ह्या बरणीत लिहायचं. आपल्याकडे तारीख छापावीच लागते आणि बऱ्याच कंपन्या बरणीही छापतात, त्यामुळे एका डबीवर दोन मुदती, आणि माणूस हा प्राणी असा की त्याला सोयीची तेवढी एकच दिसते. भाचीचं म्हणणं, जी आधी संपेल ती खरी. छापलेली तारीख सीलबंद डबीची असते. एकदा बोट आत गेलं की बरणीचं घड्याळ सुरू.

"मग," ती म्हणाली, "ही उघडली कधी?"

आणि इथे आमच्या घरात जे सुरू झालं ते कुठल्याही कोर्टात चाललं असतं. सासूबाई म्हणाल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, मला पक्कं आठवतंय, थंडीने गाल फुटले होते. ठीक, पण कुठली संक्रांत? सासूबाई म्हणाल्या यंदाची. मी म्हटलं यंदा आपण वाणाला स्टीलच्या वाट्या दिल्या, आणि ही डबी उघडली तेव्हा तुम्ही वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या मोजत होतात, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी. सासूबाईंनी वाट्यांचं साल अमान्य केलं. मिस्टरांनी मध्येच "आपण ही गोव्याला घेतली नव्हती का" असं विचारलं, त्यांना कोणी उत्तर दिलं नाही. शेवटी सासूबाईंच्या मोतीबिंदूने निकाल लावला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी डोळ्याजवळ काही लावायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेव्हा हीच डबी मी त्यांच्या हातून काढून वर ठेवली होती आणि ती तेव्हाच पाव भाग संपलेली होती. फाइल काढली, ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ चं. म्हणजे डबी जानेवारी २०२४ ला उघडली, बारा महिने जानेवारी २०२५ ला संपले, आणि आता ऑगस्ट. वर सात महिने फुकट नोकरी केली बिचारीने, तीही दोन पावसाळे ह्या बाथरूममध्ये काढून.

"पण मी रोज लावते आणि मला काही झालं नाही," हा सासूबाईंचा शेवटचा बचाव. मग भाचीने झाकण उलटं धरलं. आतल्या गोल पट्टीवर, आटे असतात तिथे, बारीक काळे ठिपके. वरती तेलाचा पिवळट थर सुटलेला आणि वास तळणीचं तेल आठवडाभर तसंच ठेवल्यावर येतो तसा. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं केशर घातलंय."

आता हे का होतं ते तिने सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. क्रीम म्हणजे पाणी आणि तेल जबरदस्तीने एकत्र ठेवलेलं प्रकरण, आणि पाणी आहे म्हणजे बुरशी, जंतू येणारच, म्हणून त्यात प्रिझर्वेटिव्ह घालतात. फॅक्टरीत त्याची परीक्षा घेतात, क्रीममध्ये मुद्दाम जंतू सोडतात आणि अठ्ठावीस दिवस बघतात की ते मरतायत की नाही. (मुद्दाम सोडतात, आणि पगार घेतात त्याचा.) पण ते जंतू सोडतात एकदा. आपण काय करतो, तोंड धुतलं की त्याच ओल्या बोटाने रोज नवीन जंतू आणि वर नवीन पाणी. शिवाय आंघोळीची वाफ उघड्या डबीत शिरते, नंतर गार झाली की झाकणाला आतून थेंब धरतात आणि ते बरोबर क्रीमच्या वरच्या थरावर पडतात. सगळ्या डबीच्या मानाने तो थेंब काहीच नाही, पण जिथे पडला तेवढ्या जागी प्रिझर्वेटिव्ह पातळ झालं, हवाही तिथेच, म्हणून ठिपके नेहमी आधी झाकणाला आणि काठाला दिसतात, तळाशी नाही. आणि रोज गरम-गार, गरम-गार झालं की ते तेल-पाण्याचं लग्न मोडायला लागतं, तो पिवळट थर त्याचाच.

वाईट भाग असा की ठिपके दिसले तर नशीब म्हणायचं. बुरशी दिसते, वास येतो, पण जंतूंची संख्या लाखात गेली तरी क्रीम पांढरंशुभ्र, सुगंधी, अगदी साळसूद दिसू शकतं. म्हणून तर महिने मोजायचे, नाहीतर नुसता वास घेऊन भागलं असतं.

दुसरा नंबर माझ्या शॅम्पूचा. म्हणजे शॅम्पूत घातलेल्या पाण्याचा. तळाशी दोन चमचे उरलं की बाटलीत पाणी घालून हलवायचं आणि अजून पंधरा दिवस काढायचे, हे ज्या घरात होत नाही ते घर मराठी नाही असं मी मानते. भाची बाटलीकडे बघून गप्पच झाली. मग म्हणाली, "मामी, पाणी घालून त्याच दिवशी संपव, चालेल. पण तू प्रिझर्वेटिव्ह पातळ करून नळाचं पाणी घालून ही बाटली उबदार जागी ठेवतेस. आम्ही लॅबमध्ये जंतू वाढवायला ह्याच्यापेक्षा फार वेगळं काही करत नाही." हँडवॉशचंही तसंच. मी म्हटलं, बाई, ही काटकसर मला माहेरून मिळाल्ये, लॅबमधून नाही.

पावडरच्या बाबतीत मात्र सासूबाई जरा सुटल्या. कोरड्या पावडरीत पाणीच नाही त्यामुळे तिच्यात काही वाढायला वाव नसतो, म्हणून पावडरच्या बरणीत बहुतेक वेळा जास्त महिने लिहिलेले असतात. पण बाथरूममध्ये तिचं कोरडेपण राहतं कुठे. आमचा पावडरचा डबा पावसाळ्यात भोकं बुजून बसतो, सासूबाई तो भिंतीवर आपटतात, मग एकदम मूठभर गोळे अंगावर, आणि फरशीवर जे सांडतं त्यावर मिस्टर घसरतात, हे आमच्याकडे श्रावणात ठरलेलं. माझ्या कॉम्पॅक्टवर एक टणक, चकचकीत पापुद्रा आला होता, मला वाटलं हा पण मेला, तर तो चेहऱ्याचं तेल पफने दाबून दाबून बसतं त्याचा होता. त्यावर सेलोटेप हलकीच चिकटवून ओढली की निघतो आणि खालचं चांगलं असतं. खरा गुन्हेगार निघाला पफ. त्यावर करडे डाग आणि कुबट वास. मी म्हटलं मी तो दर आठवड्याला धुते. "आणि वाळवतेस कुठे?" बाथरूममध्ये. पावसाळ्यात तिथे पफ दोन-दोन दिवस वाळत नाही आणि मी ओलाच कॉम्पॅक्टमध्ये बंद करते, म्हणजे कोरड्या पावडरीला जी गोष्ट मिळत नव्हती ती मीच रोज पोचवत होते. पफ गेला, आणि डाग पावडरीच्या कडेपर्यंत पोचलेला म्हणून मागोमाग कॉम्पॅक्टही.

लेकीच्या मस्काराच्या बरणीत सहा महिने लिहिलेले होते आणि तो अकरावीच्या ॲडमिशनच्या वेळचा निघाला. ती आता कॉलेज संपवत्ये. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही, डोळ्याच्या बाबतीत भाची कोणाचंच ऐकत नाही.

मिस्टर मात्र छाती काढून बसले होते, कारण त्यांच्या डिओच्या डब्यावर बरणीचं चित्रच नाही. भाचीने मान्य केलं. स्प्रेचा डबा उघडतच नाही, आत बोट जात नाही, आणि त्यांच्या आफ्टरशेव्हमध्ये एवढं अल्कोहोल की त्यात जंतूंनी राहायचं म्हटलं तरी सोय नाही. दिवसभर ते घरात "माझं काही खराब होत नाही" असं सांगत फिरत होते.

आता क्रीमं बेडरूममध्ये ड्रॉवरमध्ये गेलीत, पैठण्यांच्या कपाटाला लागून, आत नाही. बरणीऐवजी ट्यूब किंवा पंप आणायचा असं ठरलं, पण सासूबाईंना बरणीच हवी, ट्यूबमध्ये शेवटचं उरतं म्हणे. मग तडजोड अशी की बरणीत छोटा कोरडा चमचा, आणि उघडली की मार्करने तारीख लिहायची. नवीन डबी त्यांनी स्वतः उघडली, स्वतः लिहिलं. भाचीने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. डबीवर सुवाच्य अक्षरात "भाद्रपद शु. चतुर्थी".

"आजी, इंग्रजी तारीख लिही ना. बारा महिने मोजायचेत."

"मोजू की. कालनिर्णय आहे भिंतीवर." मग जरा विचार करून, "पण काय गं, पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे तेरा महिने मिळणार ना मला?"