हवेचं वजन साडेअकरा किलो

मी घरी लॅम्पशेड बनवते. कापड, आत कडक शीट, वर-खाली तारेची एकेक कडी, बस. हातात घेतला तर जेवायच्या ताटापेक्षा हलका. त्यामुळे पहिल्यांदा दुसऱ्या शहरातून ऑर्डर आली तेव्हा मला वाटलं कुरियरचं काय एवढं, पिसासारखी वस्तू आहे, जाईल की उडत. घरातल्या ओव्हनचं जुनं खोकं होतं, चांगलं दणकट, त्यात लॅम्पशेड ठेवला, चारी बाजूंनी बबल रॅप कोंबला, उरलेल्या जागेत वर्तमानपत्रांचे बोळे, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर सगळं मिळून 1.1 किलो. रेट कार्डावर अर्ध्या किलोचे स्लॅब होते, म्हणजे दीड किलोचे पैसे, म्हणजे तीन स्लॅब, तेवढे गिऱ्हाइकाकडून घेतले आणि खूश झाले.

आठवड्याने बिल आलं. चार्जेबल वेट 11.5 किलो.

मला वाटलं टाईप करताना कुणाचं तरी बोट एकावर दोनदा पडलं. फोन लावला. तिकडचा मुलगा अतिशय शांतपणे म्हणाला, "मॅडम, व्होल्युमेट्रिक आहे ते." मी म्हटलं अहो पण काट्यावर एक किलो शंभर ग्रॅम भरलंय, मी स्वतः पाहिलंय. तो म्हणाला, "हो, ते डेड वेट. दोन्हींत जे जास्त असेल ते लागतं." एवढ्या जड शब्दाचं माझ्या हलक्या लॅम्पशेडशी काय नातं ते कळेना, पण फोन ठेवला.

संध्याकाळी सासूबाईंना समजावून सांगता सांगता मलाच समजलं. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला भागायचं 5000 ने. येईल तो आकडा किलो. माझं खोकं 40 बाय 40 बाय 35, म्हणजे 56,000, भागिले 5000, 11.2 किलो, आणि वरच्या स्लॅबला चढवून साडेअकरा. तीन स्लॅबचे पैसे घेतलेले आणि तेवीस स्लॅबचं बिल. सासूबाई म्हणाल्या, "अगं पण त्यात होतं काय एवढं?" मी म्हटलं हवा. "हवेचे पैसे घेतात?" घेतात. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही बरोबर आहे, गाडी भरते ती जागेने, वजनाने नाही, माझ्यासारख्या दहा जणींनी ओव्हनची खोकी पाठवली तर गाडी गच्च आणि आत सगळे मिळून दहा-अकरा किलो, मग त्यांनी भाडं कुणाकडून काढायचं. 5000 ने भागायचं म्हणजे साधं असं की पाच लिटर जागा अडवली की एक किलोचे पैसे. लिटरमागे दोनशे ग्रॅमपेक्षा हलकं काहीही पाठवलं की तुम्ही जागेचं भाडं भरताय. विटा विकणाऱ्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कधी पडणार नाही. मला त्या रात्री विटांच्या धंद्याबद्दल मनापासून आकर्षण वाटलं.

पुढचे चार दिवस मी एक्सेल शीट घेऊन बसले. नवरा म्हणाला एवढा अभ्यास तू परीक्षेला केला असतास तर. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आधी खोकं बदललं, लॅम्पशेड 26 सेंटीमीटर व्यासाचा, 21 उंच, सगळीकडून दोन-दोन सेंटीमीटर बबल रॅपला ठेवले की 30 बाय 30 बाय 25 चं खोकं पुरतं. 22,500 भागिले 5000, बरोब्बर साडेचार किलो. साडेअकरावरून साडेचार, नुसतं खोकं बदलून! मी त्या खोक्याला जवळजवळ मिठी मारली.

मग दर. एक कंपनी आमची नेहमीची, आणि एक नवीन, जिचे दर वीस टक्के कमी, सगळ्या ग्रुपमध्ये तिचीच तारीफ. सोपं जावं म्हणून कवड्यांत सांगते. पहिलीचा अर्ध्या किलोच्या स्लॅबला 10 कवड्या, दुसरीचा 8. कुणीही दुसरीच घेईल, मीही फॉर्म भरायला घेतला होता, तेवढ्यात रेट कार्डाच्या तळाशी, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या अक्षरात, दिसलं की ह्यांचा भागाकार 4000 ने. म्हणजे इथे चार लिटरलाच एक किलो. तेच खोकं, 22,500 भागिले 4000, 5.625, चढवून 6 किलो. बारा स्लॅब गुणिले 8, झाल्या 96 कवड्या. महागडीकडे नऊ स्लॅब गुणिले 10, 90 कवड्या. स्वस्तवाली महाग! वर दोघींचाही फ्युएल सरचार्ज, तो या भाड्यावरच टक्क्याने लागतो, म्हणजे जिथे स्लॅब जास्त तिथे तोही फुगणार. (लहानपणी भागाकारात छेद मोठा झाला की उत्तर लहान होतं हे मी घोकलं होतं, पण याचा कधी काही उपयोग होईल असं बाईंनाही वाटलं नसेल.) हेच जर मी पुस्तकं पाठवत असते तर दुसरी खरंच स्वस्त पडली असती, कारण पुस्तकाला काटाच जिंकतो, भागाकाराची वेळच येत नाही. त्यामुळे कोण मला विचारतं ना, की कुठलं कुरियर स्वस्त, तर मी उलट विचारते की तुझं खोकं केवढं. लोकांना वाटतं मी भाव खाते.

तर पहिली कंपनी नक्की झाली, साडेचार किलो, नऊ स्लॅब, मी गिऱ्हाइकांना तेवढंच शिपिंग लावायला लागले, आणि पहिल्या सहा पार्सलांपैकी चारांचं बिल आलं पाच किलोचं.

आता ही जी गंमत आहे ती कुणी सांगत नाही. माझं खोकं बरोब्बर साडेचारच्या उंबरठ्यावर उभं होतं. एक पाय आत, एक बाहेर. आणि मी बबल रॅप कोंबायची सवयीप्रमाणे, प्रेमाने, दाबून दाबून. त्यामुळे झाकण चिकटपट्टी लावल्यावर पोळी फुगावी तसं मधोमध फुगायचं. कंपनीच्या हबवर पट्ट्यावरून पार्सल जाताना वरून मशीन माप घेतं, आणि ते मशीन फुगवट्याचं सगळ्यात उंच टोक धरतं, कडेची उंची नाही. 25 ची उंची झाली साडेपंचवीस, 22,950, भागिले 5000, 4.59. वाढले किती तर नव्वद ग्रॅम, तेही हवेचे, पण स्लॅब गेला पुढचा. अर्ध्या सेंटीमीटरला दहा कवड्या. त्या भावाने माझा अख्खा लॅम्पशेड कितीला विकायला हवा याचा हिशोब मी अर्ध्यावर सोडला.

तेव्हापासून आमच्याकडे पॅकिंगचा विधी असतो. खोकं बंद केलं की त्यावर मोठी पट्टी आडवी ठेवायची, पट्टी डुलली की फुगवटा आहे, उघडा, बोळे काढा. मग तिन्ही बाजूंना टेप लावून तीन फोटो, प्रत्येकात लेबलावरचा नंबर दिसला पाहिजे, आणि चौथा काट्यावरचा. कारण वजनाचा वाद घालायचा तर ठराविक दिवसांच्या आत घालावा लागतो आणि फोटो नसेल तर आपण खोटारडे. सासूबाई टेप धरतात. त्यांचा शिवणाचा टेप. पहिल्यांदा मी फोटो पाठवले तर तिकडून उत्तर आलं की टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत, आणि खरंच, चाळीस वर्षांत त्या टेपवरचं 20 ते 30 पुसून गेलं होतं. म्हणजे नेमकं माझ्या खोक्याचंच माप. नवीन टेप आणला. सासूबाई आजही म्हणतात जुना बरा होता.

पण साडेचार किलो म्हणजे अजूनही हवाच. रात्री अंथरुणात पडून छताकडे बघत असताना डोक्यात आलं, मी हवा पाठवतेच कशाला, तिकडे हवा नाहीये का. लॅम्पशेड म्हणजे काय तर दोन कड्या आणि एक गुंडाळी! दोन कड्या एकावर एक आडव्या, शीट गुंडाळून वर ठेवली, कडेला शिवलेली चिकटणारी पट्टी, गिऱ्हाइकाने शीट कड्यांभोवती गुंडाळायची आणि पट्टी दाबायची, झाला लॅम्पशेड. खोकं 28 बाय 28 बाय 8. 6272 भागिले 5000, 1.25, म्हणजे दीड किलोचा स्लॅब, आणि यावेळी मी उंबरठ्यापासून लांब होते, उंची पूर्ण एक सेंटीमीटर फुगली तरी 1.41, स्लॅब तोच. नऊ स्लॅबवरून तीन. एका लॅम्पशेडच्या भाड्यात तीन जातात. नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला छान, आणि कूस बदलली.

अर्थात भाड्यातून वाचलं ते फोनवर गेलं. "ताई, ही छोटी पट्टी वर का खाली?" "ताई, एक कडी जास्त आली वाटतं." एका काकांनी दोन्ही कड्या खालच्याच बाजूला लावल्या आणि लॅम्पशेड बसतोय म्हणून फोटो पाठवला. बसतोय म्हणजे खरंच खाली बसलेला, दमल्यासारखा. मग मी चार चित्रांचा एक कागद घालायला लागले, त्याचं वजन पाच ग्रॅम, आणि तो चपटा असतो म्हणून माझा फार लाडका आहे.

गेल्या महिन्यात एकीला रंग आवडला नाही. मी मोठ्या मनाने लिहून बसले होते की परत पाठवायचा खर्च आमचा. पाठवा म्हटलं. बाई फार नीटनेटक्या, फोनवर म्हणाल्या, "मी अगदी व्यवस्थित पॅक केलाय हां, जोडलेलाच ठेवलाय, उलगडताना खराब नको व्हायला, आणि चांगलं मोठं खोकं मिळालं बघा." माझ्या पोटात गोळा आला, पण पिकअप होऊन गेला होता.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. डिलिव्हरीवाल्या मुलाने ते एका बोटावर तोलून दाखवलं आणि दारात ठेवलं, तर दार अर्धं अडलं. मी नुसती बघत उभी. सासूबाई आतून टेप घेऊन आल्या, आडवा लावला, उभा लावला, उंचीला वाकल्या, 45, 45, 40. ओठ हलवत हलवत भिंतीकडे बघत हिशोब केला, आणि मी मोबाईल काढायच्या आत म्हणाल्या, "सोळा पूर्णांक दोन. म्हणजे साडेसोळा लावतील मेले."