खुलासा: ‘कामगाराची चूक काढली की अपघात टळतो’

दावा: “अपघात म्हणजे एकामागून एक पडणाऱ्या सोंगट्या. मधली कामगाराची चूक काढा, पुढचं काही होत नाही.”

हे मत अमेरिकी औद्योगिक सुरक्षातज्ज्ञ हाइनरिख यांच्या सोंगट्यांच्या सिद्धांतावरून आलेलं, आणि ते अपुरं आहे. समजा, परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये रात्रपाळीला कापूस तुंबला आणि कामगारानं चालू मशीनमध्ये हात घातला. चूक लगेच दिसते. पण मशीनवरचं गार्ड आठवडाभर काढून ठेवलेलं होतं, सफाईआधी मेन स्विचला कुलूप घालायची पद्धतच नव्हती आणि मुकादमाला बाहेरच्या गाड्या रिकाम्या करायची घाई होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांचं मॉडेल हेच सांगतं: संरक्षणाच्या प्रत्येक थराला भोकं असतात, ती एका रेषेत आली की इजा होते. माणूस बदलला तरी ही भोकं तशीच राहतात. चौकशीत आधी विचारा, गार्ड कोणी आणि का काढलं?