‘तीन महिन्यांत पावणेसहा लाखांचं नुकसान’ : आमचं उत्तर

★☆☆☆☆ “जूनमध्ये गृहकर्जात ५ लाख एकरकमी भरले. या कर्ज सल्लागारांनी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घ्यायला सांगितलं. आता मेहुणा म्हणतो, मुदत कमी केली असती तर पावणेसहा लाख व्याज जास्त वाचलं असतं. बँकेकडून कमिशन खात असणार. तीन महिन्यांत माझं एवढं नुकसान केलं. नाशिककरांनो, जाऊ नका.”

नमस्कार सर. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. रिव्ह्यू लिहिण्याआधी एक फोन केला असता तर बरं वाटलं असतं, पण असो.

कमिशनचं आधी सांगतो, कारण ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. आम्हाला बँकेकडून पैसे मिळतात ते नवीन कर्ज मंजूर होऊन रक्कम उचलली गेल्यावर. तुम्ही कर्जात पैसे भरलेत, त्यावर आम्हाला एक दमडी मिळालेली नाही. तुमच्याकडून सल्ल्याची फी घेतली, तिची पावती तुमच्याकडे आहे. कॅनडा कॉर्नरला गाळा भाड्याने घेऊन बसलोय, इथं प्रत्येक चेहरा ओळखीचा असतो. असे धंदे करून चालत नाही.

आता मेहुण्यांचा आकडा. तो बरोबर आहे. मीच तो तुम्हाला जूनमध्ये कागदावर काढून दिला होता. तुमचं ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,०३५. पाच वर्षं हप्ते भरल्यावर मुद्दल उरलं होतं साधारण २६ लाख ४४ हजार. त्यात ५ लाख भरल्यावर उरले २१ लाख ४४ हजार. त्या पिवळ्या कागदावर दोन रकाने होते. डावीकडे हप्ता तोच ठेवला तर: १८० ऐवजी १२४ महिन्यांत कर्ज संपतं आणि व्याज साडेनऊ लाखांच्या वर वाचतं. उजवीकडे मुदत तीच ठेवली तर: हप्ता २१,१११ होतो आणि व्याज ३ लाख ८६ हजार वाचतं. दोन्हींतला फरक ५ लाख ७१ हजार. मेहुण्यांचे पावणेसहा लाख ते हेच.

पण उजव्या रकान्याखाली मी एक ओळ लिहून दोनदा अधोरेखित केली होती: “फरकाचे ४,९२४ दरमहा कर्जातच भरणे.” सगळं उत्तर त्या ओळीत आहे आणि रिव्ह्यूत तिचा उल्लेखही नाही.

मुदत कमी करण्यात जास्त व्याज वाचतं, ते काही बँकेच्या मेहरबानीने नाही. साध्या कारणाने वाचतं: तिथं तुम्ही दर महिन्याला ४,९२४ रुपये जास्त भरता, म्हणून मुद्दल लवकर उतरतं. व्याज लागतं ते उरलेल्या मुद्दलावर. बँकेने त्याला हप्ता म्हटलं काय किंवा तुम्ही स्वतःहून पार्ट पेमेंट म्हणून भरलं काय, मुद्दलाला ते कळत नाही. हप्ता कमी करून फरक दर महिन्याला हप्त्याच्याच तारखेला कर्जात टाकला तर कर्ज १२४व्या महिन्यातच संपतं आणि व्याजही तेवढंच वाचतं. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड लागत नाही, म्हणून हे जमतं.

मग हप्ता कमी करायचाच कशाला? तुम्ही त्या दिवशी घरच्या उत्पन्नाचं जे सांगितलंत ते मी इथं चारचौघांत लिहिणार नाही. एवढंच म्हणतो की एखाद्या महिन्यात पगार मागेपुढे झाला, तर २१,१११ भरले की बँक गप्प बसते. २६ हजारांचा हप्ता असेल तर तो चुकतो आणि सिबिलवर डाग पडतो. फरकाचे पैसे त्या महिन्यात नाही भरले तरी कुणी विचारत नाही. ही मोकळीक तुम्हीच मागितली होती सर. कागदावर तुमची सही आहे.

आता “तीन महिन्यांत एवढं नुकसान”. इथं मात्र मला बोलायलाच हवं. पावणेसहा लाखांचा फरक पडतो तो पूर्ण १५ वर्षं कमी हप्ता भरून फरकाचे पैसे दुसरीकडे खर्च केले तर. तुमचे आत्तापर्यंत कमी हप्त्याचे तीन महिने गेलेत. त्या प्रत्येक ४,९२४ वर महिन्याचं व्याज होतं ३५ रुपये. पहिले पैसे तीन महिने उशिरा, दुसरे दोन, तिसरे एक. येत्या हप्त्याबरोबर हे १४,७७२ भरून टाकलेत तर नुकसान होतं दोनशे दहा रुपयांच्या आसपास. पुढे फरक नियमित भरत राहिलात तर एवढ्यावरच विषय संपतो. यासाठी एक तारा आणि “जाऊ नका”!

हे पैसे मधल्या काळात एफडीत ठेवले असतील तरी तुलना करून बघा. १२४ महिन्यांनी कमी हप्तेवाल्याच्या डोक्यावर अजून ९ लाख ७३ हजार उरलेले असतात. फरकाच्या बचतीचे तोवर तेवढे व्हायला हवेत, म्हणजे कर कापून साडेआठ टक्के सुटायला हवेत. एफडीत ते सुटत नाहीत, म्हणून मी कर्जातच भरा म्हटलं. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो: हातात आलेले पाच हजार महिनाअखेर टिकत नाहीत, अशा घराला मी पहिल्यापासून मुदतच कमी करायला सांगतो. तुम्ही “टिकतात” म्हणालात.

आता पैसे भरताना दोन गोष्टी बघा. ॲपमध्ये ‘आगाऊ हप्ता’ निवडू नका. ती रक्कम नुसती पुढच्या हप्त्यासाठी पडून राहू शकते आणि मुद्दल हलत नाही. पार्ट पेमेंट निवडा आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये त्याच तारखेला मुद्दल तेवढ्याने उतरलंय का ते पाहा. दुसरं, काही बँका एका हप्त्यापेक्षा कमी पार्ट पेमेंट घेत नाहीत. तुमची तशी असेल तर पाच महिन्यांचे २४,६२० साठवून एकदम भरा, फार बिघडत नाही. रोज लक्ष ठेवणं जमणार नसेल तर शाखेत अर्ज देऊन हप्ता पुन्हा २६ हजारांवर नेता येईल का विचारा. त्यांनी हो म्हटलं तर नवीन परतफेडीचा तक्ता हातात घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्याकडून यापुढे ती खालची ओळ मोठ्या अक्षरात छापून देऊ, आणि जमेल तसं व्हॉट्सॲपवर आठवणही पाठवू. बाकीही सुधारणा चालू आहेत.

जूनपासूनचं स्टेटमेंट घेऊन या, मेहुण्यांनाही आणा. ५ लाख मुद्दलातच जमा झालेत ना, ते आधी तपासू आणि पार्ट पेमेंटचा फॉर्म मी स्वतः भरून देईन. याची फी लागणार नाही.