प्रिंट का फाटते? मेगापिक्सेलच्या फॉरवर्डला उत्तर

«फोटो मोबाईलवर कडक दिसायला निदान ५० मेगापिक्सेल लागतातच. मोठी प्रिंट किंवा फ्लेक्स काढायचा तर १०८-२०० शिवाय फाटणार. मेगापिक्सेल जेवढे जास्त तेवढा फोटो क्लिअर, म्हणून नेहमी फुल मोडवरच काढा.»

माझं काम फोटो छापण्याचं. प्रिंट फाटते म्हणजे कागद फाटत नाही, मोठी केल्यावर ती पायऱ्यापायऱ्यांची, पुसट दिसते. गेल्या काही महिन्यांत हा मजकूर वाचून दाखवणारी माणसं काउंटरवर येतात, आणि त्यातली काही फक्त यासाठी नवा फोन घेऊन आलेली असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मोबाईलचा पडदा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनचा पडदा १०८० बाय २४०० पिक्सेलचा असतो. गुणाकार केला तर अख्खा पडदा साधारण २६ लाख पिक्सेलचा, म्हणजे २.६ मेगापिक्सेलचा भरतो. त्यावर उभा फोटो उघडला की तो १०८० बाय १४४० एवढीच जागा व्यापतो, म्हणजे दीड मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोटो यापेक्षा आठपट मोठा आहे. फोन तो लहान करून दाखवतो आणि ५० किंवा २०० चाही लहान करूनच दाखवतो. बोटांनी मोठा करून बघायचं म्हटलं तरी १२ चा फोटो पावणेतीन पटीपर्यंत नितळ राहतो, कारण त्याची रुंदी ३००० पिक्सेल आहे. पडद्याचा प्रश्न इथेच मिटतो.

आता प्रिंट. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एक गोष्ट पूर्ण सोडून दिली आहे, ती म्हणजे बघणारा किती लांब उभा आहे. चांगल्या नजरेला एक फुटावरून एका इंचात साधारण ३०० पिक्सेलपर्यंतचा बारकावा ओळखता येतो. दोन फुटांवरून १५०, तीन फुटांवरून १००. ३०० ला फुटांनी भागायचं, एवढाच हिशोब. अल्बममधला चार बाय सहाचा फोटो हातात धरून बघतात, त्याला ३०० च्या हिशोबानं १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. आठ बाय बाराला साडेआठ.

फ्लेक्सची तर गंमत उलटी आहे. चौकातला २० बाय १० फुटांचा फ्लेक्स माणूस ३० फुटांवरून बघतो. तिथे इंचाला १० पिक्सेल पुरतात. रुंदी २४० इंच, म्हणजे २४०० पिक्सेल, उंचीला १२००. तीन मेगापिक्सेलही भरत नाहीत! २०१५ मध्ये ॲपलनं आयफोन ६ वर लोकांनी काढलेले फोटो शहरोशहरी मोठाल्या होर्डिंगवर लावले होते, आणि त्या फोनचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता.

मग प्रिंट फाटते ती का? माझ्याकडे येणाऱ्या फाटक्या प्रिंटमागे बहुतेक वेळा कॅमेरा नसतो, पाठवण्याची पद्धत असते. परवा एक ताई वडिलांच्या पंचाहत्तरीसाठी २० बाय ३० इंचाची फ्रेम करायला आल्या. फाईल उघडली तर १६०० बाय १२००. फोटो भावाच्या फोनवर काढलेला आणि व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला. अशा पाठवणीत फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३० इंचांवर ते ताणले की इंचाला ५३ पिक्सेल उरतात. चष्म्याची कडा पायऱ्यापायऱ्यांची दिसत होती, आणि मिशीचा नुसता डाग झाला होता. भावाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. १२ मेगापिक्सेलची मूळ फाईल आली, ४००० बाय ३०००. फ्रेमच्या मापात कापल्यावर ४००० बाय २६६७, म्हणजे इंचाला १३३ पिक्सेल. फ्रेम सोफ्याच्या वर लागणार, बघणारा तीन-चार फूट लांब. तिथे १०० पुरतात. चष्मा, मिशी, सदऱ्याची वीण, सगळं जागेवर आलं. भाऊ २०० मेगापिक्सेलवाला फोन घेऊन तोच फोटो पुन्हा व्हॉट्सॲपवर साधा पाठवता, तर पुन्हा १६०० च आले असते.

आणि हो, फाईलमध्ये «७२ डीपीआय», म्हणजे इंचाला ७२ ठिपके, असं लिहिलेलं बघून कुणी फोटो नाकारला तर घाबरू नका. ती फक्त चिठ्ठी आहे. पिक्सेल किती बाय किती आहेत ते बघा.

तिसरा मुद्दा, नेहमी फुल मोड, म्हणजे कॅमेऱ्याचे सगळे मेगापिक्सेल वापरून फोटो काढणं. हा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण यात चांगले फोटो वाया जातात. २०२३ च्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्राचं उदाहरण घ्या. त्याच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरवर एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा आहे; मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. पण प्रकाश भिंगातून जाताना थोडा पसरतोच, या फोनच्या एफ १.७ मापाच्या भिंगासारख्या निर्दोष भिंगातूनही एका बिंदूची चकती सव्वादोन मायक्रॉनची पडते. म्हणजे एकच बिंदू आडवे चार पिक्सेल व्यापतो. त्यात १६ पिक्सेलच्या चौकोनावर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते, त्यामुळे फुल मोडमध्ये मधले रंग फोनला अंदाजानं भरावे लागतात. म्हणूनच हा फोन आपणहून १६ पिक्सेल जोडून एक करतो आणि सुमारे बारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. संध्याकाळी हॉलमध्ये त्या जोडण्याचाच आधार असतो. तिथे फुल मोड लावला की केसांच्या जागी रवाळ चिखल होतो, लहान मूल हललं तर तेही पुसट येतं, आणि फाईल मात्र कितीतरी जड.

जोडण्याची ही कल्पना नवी नाही. २०१२ च्या नोकिया ८०८ मध्ये ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता आणि तो नेहमीच्या मोडमध्ये ५ मेगापिक्सेलचा फोटो द्यायचा. त्या फोटोंची स्वच्छता तेव्हा लोकांनी वाखाणली.

जास्त मेगापिक्सेल खरोखर कामी येतात अशी एक जागा मात्र आहे: समूहाचा फोटो. साठ माणसं, तीन रांगा, रांगेत वीस. ४००० पिक्सेलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला २०० येतात आणि चेहऱ्याला साठेक. ३० इंचांच्या प्रिंटवर तो चेहरा अर्ध्या इंचाहून लहान होतो, आणि अशा फोटोजवळ प्रत्येक जण स्वतःला शोधायला नाक लावून उभा राहतो. तिथे माझा फुटांचा हिशोब चालत नाही. भर उन्हात, फोन टेकवून किंवा ट्रायपॉडवर ठेवून ५० मेगापिक्सेलवर काढलात तर चेहऱ्याला दुप्पट पिक्सेल मिळतात आणि फरक डोळ्यांना दिसतो.

तरी शंका राहिली तर अख्खी मोठी प्रिंट काढू नका. २० बाय ३० साठी ४००० पिक्सेल रुंद फोटोतून चेहऱ्याचा भाग ८०० बाय ५३३ पिक्सेलचा कापून घ्या आणि तेवढाच चार बाय सहाच्या कागदावर छापायला सांगा. मोठ्या प्रिंटमध्ये तो चेहरा जेवढा येणार तेवढाच या कागदावर येतो. ज्या भिंतीवर फ्रेम लावायची तिथे तो चिकटवा आणि रोज जिथून बघणार तिथे जाऊन उभे राहा.