फुप्फुसाचा एकच सेगमेंट काढता येतो, तो कसा

"फुप्फुस म्हणजे फुगा, कापलं की सगळी हवा जाणार. आतून ते सलग असतं, त्यामुळे डॉक्टर अंदाजानेच कापतात. कॅन्सर असेल तर अख्खा खंड काढल्याशिवाय उपयोग नाही."

असं पुष्कळांना वाटतं. पण फुग्यात एकच पोकळी असते. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या फुप्फुसाचा काप आणा आणि पाण्यात टाका. तो तरंगतो, कारण कापल्यावरही असंख्य सूक्ष्म वायुकोशांत हवा अडकून राहते. कापलेल्या कडेवरून थोडी हवा गळते, हे मात्र खरं. म्हणूनच कड स्टेपलरने बंद करतात आणि छातीत नळी ठेवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. रुग्ण खोकला की बाटलीत बुडबुडे येतात. ते थांबले की नळी काढायचा विचार होतो. पाच दिवसांनंतरही येत राहिले तर गळती लांबली असं समजतात.

'सलग' या शब्दावर जास्त बोलायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड आणि डाव्याचे दोन. त्यांच्यामधल्या भेगा डोळ्यांना दिसतात, फुप्फुसावरचं पातळ आवरणच त्यांत खाली उतरलेलं असतं. पण उजवीकडची आडवी भेग पुष्कळांत अर्धवटच असते आणि तिथे दोन खंड एकमेकांना चिकटलेले सापडतात. म्हणजे नुसत्या भेगांवर विसंबूनही चालत नाही.

खंडाच्या आत सेगमेंट नावाचे लहान भाग असतात, उजवीकडे 10 आणि डावीकडे मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे 8 ते 10. बाहेरून त्यांची रेघ दिसत नाही. पण प्रत्येकाला स्वतःची श्वासनलिका असते आणि तिच्या जोडीने, सेगमेंटच्या मधोमध, स्वतःची धमनी जाते. शिरा मात्र दोन सेगमेंटच्या बांधावरून वाहतात. द्राक्षाच्या घोसाचा एक फाटा देठापाशी कापला तर बाकीचा घोस शाबूत राहतो, तसं हे आहे. फक्त इथे फाटे एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात.

आता उजव्या खालच्या खंडाचा सर्वात वरचा सेगमेंट घेऊ. सर्जन त्याला एस-सिक्स म्हणतात. समजा त्याच्या मधोमध 1.4 सेंटिमीटरची गाठ आहे. भूल देताना त्या बाजूचं फुप्फुस मुद्दाम मिटवतात आणि दुसऱ्यावर श्वास चालू ठेवतात. सर्जन तिरकी भेग उघडतो. तिच्या तळाशी धमनी सापडते आणि तिच्यातून एस-सिक्सकडे जाणारी फांदी वेगळी करून बंद करतात. मग फक्त त्याच्याच आतून येणारी शिरेची फांदी आणि श्वासनलिका.

पण बांध शोधायचा कसा? जुनी पद्धत अशी, की श्वासनलिका चिमट्याने बंद करून फुप्फुस फुगवायचं. शेजार फुगेल, हा मिटलेला राहील. अडचण ही, की वायुकोशांमध्ये बारीक छिद्रं असतात आणि शेजारची हवा त्यांतून आत झिरपते. धूम्रपानाने खराब झालेल्या फुप्फुसात रेघ फारच पुसट होते. म्हणून आज बऱ्याच ठिकाणी धमनी बंद केल्यावर आयसीजी नावाचा रंग शिरेतून देतात. खास कॅमेऱ्यात सगळं फुप्फुस हिरवं चमकतं आणि एस-सिक्स तेवढा काळा राहतो. तो काळा तुकडा पडद्यावर पाहिला की 'अंदाजाने' हा शब्द पुन्हा तोंडात येत नाही. चमक काही मिनिटांत उतरते, त्यामुळे लगेच काठावर खुणेचे डाग देऊन घेतात. बांधावरची शिरा मात्र शक्यतो वाचवायची. ती गेली तर शेजारच्या सेगमेंटमध्ये रक्त तुंबतं.

कॅन्सरबद्दलचं वाक्य काही दशकांपूर्वी बरंचसं खरं होतं. 1995 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कमी भाग काढलेल्यांमध्ये त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पुढे सीटी स्कॅनमुळे गाठी खूप लहान असतानाच सापडू लागल्या. 2022 साली जपानची चाचणी प्रसिद्ध झाली. 1,106 रुग्ण, गाठ 2 सेंटिमीटर किंवा त्याहून लहान आणि फुप्फुसाच्या बाहेरच्या भागात. पाच वर्षांनी सेगमेंट काढलेल्यांपैकी 94.3 टक्के हयात होते, खंड काढलेल्यांपैकी 91.1 टक्के. त्याच जागी किंवा आसपास कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र सेगमेंटच्या गटात जास्तच होतं, 10.5 विरुद्ध 5.4 टक्के. हा आकडा मला कुणापासून लपवावासा वाटत नाही.

म्हणून अटी कडक आहेत. गाठ लहान हवी, तिच्याभोवती पुरेसं निरोगी फुप्फुस सुटायला हवं, साधारण 2 सेंटिमीटर किंवा निदान गाठीच्या व्यासाइतकं. गाठ बांधाला खेटून असेल तर एक सेगमेंट पुरत नाही. आणि ऑपरेशन चालू असतानाच लसीकाग्रंथी तपासायला पाठवतात. त्यांत कॅन्सर निघाला, तर रुग्णाची तब्येत झेपत असेल तेव्हा त्याच टेबलावर पूर्ण खंड काढतात. ही शक्यता रुग्णाला आणि घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवायची असते.