एक्स राखून ठेवायचा नाही, दोनदा मोजायचा

"स्क्रॅबलमध्ये एक्स, झेड, क्यू, जे हाती आले की ट्रिपल वर्डसाठी राखून ठेवा. ट्रिपल लेटरवर दोन अक्षरी शब्द करून त्यांची नासाडी करू नका. घराचा फायदा एकाच शब्दाला मिळतो, आणि असा शब्द लावला की समोरच्याला वाट मोकळी होते."

हा सल्ला फिरत फिरत माझ्यापर्यंत अनेकदा आला आहे. नवे खेळाडू तो मनापासून पाळतात आणि त्यापायी डाव हरतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी नियम बघू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. या खेपेला ठेवलेली टाइल आडव्या आणि उभ्या अशा दोन शब्दांत येत असेल, तर ती दोन्ही शब्दांत मोजतात आणि तिच्या खालच्या घराचा फायदाही दोन्ही शब्दांत मोजतात. एक्सचे 8 गुण. ट्रिपल लेटरचं घर त्या अक्षराचे गुण तिप्पट करतं, ट्रिपल वर्डचं अख्ख्या शब्दाचे. म्हणजे ट्रिपल लेटरवर ते 24 होतात आणि दोन शब्दांत मिळून 48. त्या घराचा फायदा मात्र टाइल ठेवली त्याच खेपेपुरता असतो. नंतर कोणी त्या एक्सला जोडून शब्द केला, तर त्याचे 8च धरायचे.

एक खेळी पटावर मांडून दाखवतो. पहिल्या खेळाडूने ‘ट्रेन’ लावला: टी, आर, ए, आय, एन. आठव्या ओळीत चौथ्या घरापासून पटाच्या मधल्या घरापर्यंत. दुसऱ्याने त्याच्या खाली, नवव्या ओळीत, आठव्या ते बाराव्या घरात ‘अबव्ह’ लावला: ए, बी, ओ, व्ही, ई. वरचा एन आणि खालचा ए मिळून ‘ना’ हा उभा शब्द होतो, म्हणून ही खेळी वैध. आता तुमची पाळी, आणि रॅकवर एक ए आणि एक्स आहे.

दहाव्या ओळीतलं दहावं घर ट्रिपल लेटर आहे आणि त्याच्या बरोब्बर वर ‘अबव्ह’मधला ओ बसला आहे. एक्स तिथे ठेवा आणि त्याच्या डावीकडच्या घरात ए. आडवा शब्द झाला ‘अ‍ॅक्स’: 1 अधिक 24, म्हणजे 25. उभा झाला ‘ऑक्स’: तोही 25. शिवाय ए नेमका बीच्या खाली आला, त्यामुळे ‘बा’ हा तिसरा शब्द झाला: 3 अधिक 1, म्हणजे 4. एकूण 54, तेही फक्त दोन टाइल्स वापरून.

‘बा’ मोजताना एक चूक हटकून होते. बी ज्या घरावर आहे ते डबल लेटर आहे, पण तो फायदा ‘अबव्ह’ लावणाऱ्याने घेऊन झाला. तुमच्यासाठी बी 3चाच.

आता ज्याची वाट बघायला सांगतात त्या ट्रिपल वर्डशी तुलना करू. ‘एक्झिट’च्या चार अक्षरांचे मिळून 11 गुण, ट्रिपल वर्डवर 33. अ‍ॅक्स-ऑक्सचे 54 गाठायचे, तर एकाच शब्दात 18 गुणांची अक्षरं हवीत. असे शब्द होतात, नाकारत नाही. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या ट्रिपल वर्डपासून ‘फ्लेक्स’ लावता आला, तर एक्स चौथ्या घरातल्या डबल लेटरवर पडतो: एफ 4, एल 1, ई 1, एक्स 16. बेरीज 22, तिप्पट 66. पण त्यासाठी एफ, एल, ई रॅकवर हवेत, कोपऱ्यापर्यंत शब्द पोचलेले हवेत आणि समोरच्याने तो कोपरा अजून वापरलेला नसावा. आठही ट्रिपल वर्ड पटाच्या कडेला असतात, तर बारा ट्रिपल लेटरपैकी चार मध्याभोवती असतात. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या खेळीतच हात पोचतो.

आणि मुळात, दोन अक्षरी शब्दात ट्रिपल लेटर आणि ट्रिपल वर्ड यांत फरक तो किती? ट्रिपल वर्डवर ‘अ‍ॅक्स’ 27चा, ट्रिपल लेटरवर 25चा. 9 गुणांच्या शब्दात 8 एकट्या एक्सचेच असतात, त्यामुळे शब्द तिप्पट केला काय आणि अक्षर तिप्पट केलं काय, दोनच गुणांचा फरक पडतो. शब्द छोटा आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही ते हेच. लांब शब्दात एक्स इतरांत मिसळून जातो, छोट्या शब्दात दोन्हीकडून तोच वसूल होतो.

वाट बघण्याचीही किंमत असते. एक्स अडकवून ठेवला की दर खेपेला तुम्ही सातऐवजी सहाच टाइल्सनी खेळता, आणि सातही एकदम लावून मिळणारे जादा 50 गुण दूर जातात. डाव संपताना तो हातातच राहिला तर 8 गुण तुमचे कापले जातात, आणि समोरचा आधी संपला असेल तर ते 8 त्याला मिळतात.

वाट मोकळी होण्याचा मुद्दा अगदी पोकळ नाही, पण याच पटावर तपासून बघा. समोरच्याला ‘अ‍ॅक्स’पुढे ई जोडून तो लांबवायचा आहे. तो ई व्हीच्या खाली येतो, आणि व्ही असलेला दोन अक्षरी शब्दच मान्य शब्दांच्या यादीत नाही. म्हणजे त्याला ‘व्हेस्ट’सारखा मोठा उभा शब्द लावावा लागेल, आणि त्यातल्या ‘अ‍ॅक्स’च्या वाढीव शब्दाचे मिळतील 10. ट्रिपल लेटर तर केव्हाच खर्ची पडलं आहे. उलट तुम्ही ते घर सोडलंत आणि त्याच्याकडे चांगलं अक्षर असलं, तर तिथे तोच बसेल.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिने मला एकदा चांगलाच फटका दिला. पटावर ‘हीरो’ उभा होता. त्याच्या शेवटच्या ओखालचं ट्रिपल लेटर बघून मी एक्स ठेवला आणि मनात ‘ऑक्स’ मोजला. पण त्या ओच्या वर आर, ई, एच होते. उभा शब्द झाला हीरोला चिकटलेला एक्स. समोरच्याने आव्हान दिलं, टाइल्स परत उचलाव्या लागल्या आणि पाळीही गेली. तेव्हापासून स्वर दिसला की त्याच्या पलीकडचं घर रिकामं आहे ना, ते आधी बघतो. म्हणून हे डाव बहुधा आडव्या शब्दाला समांतर लावावे लागतात.

चारही अक्षरांना एकाच पट्टीने मोजणं हीदेखील त्या सल्ल्यातली चूक. एक्स पाचही स्वरांशी जमतो: ए, ई, ओ यांच्या नंतर आणि आय, यू यांच्या आधी. त्यामुळे स्वर वर असो, खाली असो वा बाजूला, काहीतरी बसतं. क्यूचं तसं नाही. त्याचा दोन अक्षरी शब्द एकच, क्यू आणि आय मिळून होणारा ‘ची’. उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत तोही 2006मध्ये आला. ट्रिपल लेटरवर तो दोन्हीकडे लागला तर 31 आणि 31, म्हणजे 62. पण क्यू नेहमी आधी येतो, तेव्हा एक आय उजवीकडे आणि एक खाली हवा: एक पटावर, एक तुमच्या रॅकवर. ही जुळणी क्वचितच होते, म्हणून क्यू आला तर लहानमोठी मिळेल ती जागा घेऊन मी मोकळा होतो. एक्ससाठी मात्र एखादी खेप थांबतो, आणि तेही पटावर नेमकं कोणतं ट्रिपल लेटर आणि कोणता स्वर, हे बोट ठेवून दाखवता आलं तरच.