लुकलुकणारी क्लिप पुन्हा एआयमध्ये घालू नका

"एआयने वस्तू काढल्यावर व्हिडिओ लुकलुकतोय, वाकडा होतोय? डिफ्लिकर लावा, तीच फाइल दोन-तीनदा परत एआयमधून काढा, ६० फ्रेम करा, वर थोडा ग्रेन टाका. शंभर टक्के जातं!"

नाही जात. माझ्या धाकट्या बहिणीने हे सगळं केलं आणि तिची अख्खी रात्र वाया गेली. क्लिप चार सेकंदांची, २५ फ्रेमच्या वेगाने १०० फ्रेम. विटांच्या भिंतीपुढचा लाइटचा स्टँड काढायचा होता आणि कॅमेरा हळूहळू उजवीकडे सरकत होता. सकाळी तिने पाठवलेल्या फाइलमध्ये स्टँडच्या जागी विटांमधले सांधे लाटांसारखे हलत होते, मधूनच एका विटेच्या दोन होत होत्या.

सगळ्यात घातक सल्ला परत एआयमध्ये घालण्याचा. दुसऱ्या फेरीत टूलला खरी भिंत दिसतच नाही, पहिल्या फेरीतल्या वाकड्या रेषाच ते खऱ्या धरतं. शिवाय बरीच टूल पूर्ण फ्रेम नव्याने लिहितात. मूळ क्लिपवर नवी क्लिप ठेवून ब्लेंड मोड Difference करून बघा. मास्कच्या, म्हणजे काढायच्या वस्तूभोवती आखलेल्या भागाच्या, बाहेर जवळजवळ काळं दिसायला हवं. बहिणीच्या तिसऱ्या फेरीत तिथे सगळ्या विटांच्या कडा उजळत होत्या.

म्हणून आम्ही मूळ क्लिपवर परत आलो. मास्क आठ-दहा पिक्सेल वाढवून स्टँडची सावलीही आत घेतली, कारण सावली उरली की टूल तीच पसरवतं. मग एकच फ्रेम निवडून तिच्यातला स्टँड फोटोसारखा स्वच्छ काढला. सपाट पृष्ठभागाची हालचाल पकडणाऱ्या प्लेनर ट्रॅकरने भिंत ट्रॅक केली, तो स्वच्छ तुकडा भिंतीला चिकटवला आणि मास्कपुरताच ठेवून कडा मऊ केल्या. शंभर फ्रेमना एकच चित्र, मग लुकलुकणार काय? उजेड बदलला तिथे तुकड्याची ब्राइटनेस कीफ्रेमने जुळवली.

हा माझ्या घरचा शोध नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९ साली व्हिडिओसाठी Content-Aware Fill आलं, त्यातच Create Reference Frame हे बटण आहे. आधी एक फ्रेम हाताने नीट करा, मग टूलला ती दाखवा, हेच त्याचं काम. सपाट भिंतीसाठी Surface ही वेगळी पद्धतही तिथे आहे.

डिफ्लिकर पूर्ण फ्रेमच्या उजेडातला चढउतार सपाट करतं. इथे उजेड नाही, विटांची नक्षी दर फ्रेमला बदलते. ६० फ्रेम केल्या तर दोन चुकीच्या फ्रेमच्या मधली तिसरी चुकीची फ्रेम तयार होते, बस्स.

ग्रेनचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करते. चिकटवलेला तुकडा प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत दिसतो, म्हणून ग्रेन हवाच. पण सगळ्यात शेवटी, फक्त तुकड्यावर, आणि दर फ्रेमला बदलणारा.

मागे झाडाची पानं किंवा पाणी असेल तर एका फ्रेमचा तुकडा गोठलेला दिसेल. तिथे त्याच जागेचं रिकामं शूटिंगच लागतं.